आठव्या महिन्यातलं ताट : जेवण वाढवू नकोस, छोट्या भागांत मोड

सोलापूर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या ओपीडीतल्या गरोदर बाईबद्दल लिहिलं आहेस. चौतिसावा आठवडा, घरी विड्या वळते, अर्ध्या भाकरीतच पोट भरल्यासारखं वाटतं, रात्री छातीत आग, आणि दोन आठवड्यांत वजनाचा काटा हललेला नाही. तू तिला सांगितलंस, ‘थोडं थोडं, वारंवार खा.’ ती आठ दिवसांनी आली आणि म्हणाली, खाते की, पण जळजळ तशीच. मग तू तिला दिवसभरात काय खाल्लं ते विचारलंस, हे फार चांगलं केलंस. सकाळी चहा-खारी, अकराला दीड भाकरी आणि शेंगाचटणी, मध्ये बिस्किटं, चारला पुन्हा चहा-बिस्किटं, रात्री साडेनऊला भाकरी-आमटी-भात, दहाला आडवी.

यात चूक कुठे आहे ते बघ. तिने दोन मोठी जेवणं तशीच ठेवली आणि त्यांच्या मध्ये बिस्किटं घातली. तिने जेवण छोट्या भागांत वाटलं नाही, वर भर घातली. ‘वारंवार खा’ एवढंच सांगितलं की दहापैकी आठ घरांत हेच होतं.

आत काय चाललं आहे ते तिला साध्या शब्दांत सांग. गर्भाशय आता बरगड्यांच्या खाली येऊन टेकलं आहे, त्यामुळे जठर वर ढकललं गेलं आहे. अन्ननलिका आणि जठर यांच्या मधली झडप गरोदरपणातल्या प्रोजेस्टेरॉनमुळे सैल पडते. अशा वेळी जठर ताणलं गेलं की झडप उघडते आणि आम्ल वर येतं. म्हणजे त्रास अन्नाच्या आकारमानाचा आहे, आणि त्यात पाणीही मोजायचं. जेवताना दोन पेले पाणी पिणारी बाई स्वतःच अर्ध्या भाकरीची जागा घालवते. पाणी कमी करायला सांगू नकोस, इथल्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही. फक्त ते दोन खाण्यांच्या मधल्या वेळात घोटघोट प्यायचं, जेवताना चार घोट पुरे.

आता मापाचं. ‘थोडं’ म्हणजे किती, हे वाटीनेच दाखव. आमटीची साधी वाटी, साधारण १५० मिलिलीटरची, टेबलावर ठेव. एका वेळेला घट्ट पदार्थाची एक वाटी आणि वर अर्धी भाकरी, त्याहून जास्त नाही. तिची सासू म्हणेल, दोघांचं जेवायला हवं. तिलाही सांग, शेवटच्या तिमाहीत रोजच्यापेक्षा ३५० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे अर्धी भाकरी, एक कप दूध आणि मूठभर फुटाणे. प्रथिनं मात्र २२ ग्रॅम जास्त लागतात, म्हणून बिस्किटांनी काम भागत नाही. ती जागा अडवतात आणि देत काहीच नाहीत. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं, मूठभर (३० ग्रॅम) फुटाण्यांतही जवळपास तेवढीच.

तिच्या घरात जे शिजतं त्यातूनच दिवस मांडू. सात वाजता एक कप दूध आणि राजगिऱ्याचा लाडू. साडेनऊला अर्धी भाकरी आणि वाटीभर मुगाची घट्ट उसळ. बाराला वाटीभर मुगाची खिचडी आणि दोन चमचे दही. अडीचला उकडलेलं अंडं, नाहीतर दह्याबरोबर छोटं धपाटं. पाचला मूठभर फुटाणे आणि डाळिंबाचे दाणे. साडेसातला मुख्य जेवण, पण तेही तेवढंच: अर्धी भाकरी घट्ट वरणात कुस्करून, वर दोडका किंवा दुधी. नऊच्या सुमारास भूक असेल तरच अर्धा कप दूध, बसून. आडवं व्हायचं साडेदहाला. जेवण आणि अंथरूण यांच्यात तीन तास राहिले पाहिजेत, हीच या सगळ्यातली सर्वात महत्त्वाची ओळ आहे. घरातले साडेनऊला जेवतात, ही तिची खरी अडचण. मग तिचं साडेसातचं ताट सकाळच्या भाकरीवर चालवा, सकाळची भाकरी वरणात छान मऊ होते. सगळ्यांबरोबर बसायचंच असेल तर ते अर्धा कप दूध घेऊन बसावं.

शेंगाचटणी सोडायला सांगशील तर ती ऐकणार नाही, आणि गरजही नाही. दाण्यात प्रथिनं आणि ताकद दोन्ही आहे. लाल तिखट आणि लसूण कमी करून तोच कूट भाजीत दोन चमचे घालू दे. चिंचेचं आंबट सार आणि तळणाऐवजी दुसरं काही चालतंय का ते बघ. पण हे सगळ्यांना सारखं लागू होत नाही. कुणाला ताक सोसतं, कुणाला दोन घोटांत जळजळतं. तिलाच तीन दिवस लिहायला लाव: काय खाल्लं, किती वाजता, कधी जळजळलं. कडक भाकरीबाबत एक सावधगिरी: आमटीत चुरली की ती फुगते आणि नकळत दोन वाट्या पोटात जातात.

विड्यांचं सूप मांडीवर घेऊन ती जेवल्या जेवल्या पुढे वाकून बसते, हे तू सहज लिहिलंस, पण निम्मा त्रास तिथे आहे. वाकल्यावर पोटावर दाब येतो. खाल्ल्यावर तासभर तरी पाठ टेकून ताठ बसावं किंवा घरातल्या घरात चालावं. तंबाखूचं काम या दिवसांत थांबलं तर उत्तमच. नाहीच जमलं तर खाण्याआधी हात साबणाने दोनदा धुवायचे.

गोळ्या विचारल्यास का? लाल लोहगोळी ती रात्री झोपताना दोन घोट पाण्याबरोबर गिळत असेल, तर गोळी अन्ननलिकेत अडकून आग होते. ती बाराच्या खिचडीनंतर तासाभराने, पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यायची. कॅल्शियम साडेनऊच्या आणि साडेसातच्या खाण्याबरोबर, म्हणजे लोहापासून दोन तास लांब. जळजळीच्या औषधालाही लोहाशी तेवढंच अंतर ठेवायचं. चहा दिवसातून एकदा, पाचच्या खाण्यानंतर तासाभराने. खायचा सोडा पाण्यात टाकून प्यायची सवय असेल तर ती बंद कर, त्यातून पोटात सोडियम जातं. जळजळीचं कुठलं औषध द्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

झोपताना डाव्या कुशीवर, आणि नुसती उशी नको, मान मोडते. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून चारेक इंच उंची द्यायची. जमिनीवर झोपत असेल तर कमरेपासून वर उतार होईल अशा घड्या घाल म्हणावं.

एका आठवड्याने तिला बोलाव. रात्रीची आग कमी झाली आणि वजन आठवड्याला चारशे ग्रॅमच्या आसपास वाढू लागलं तर हाच दिवस चालू ठेव. साखरेचा त्रास निघाला असेल तर लाडू बंद, आणि पूर्ण दिवस डॉक्टरांना दाखवून पुन्हा मांडायचा.

आणि हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. बरगडीखाली, विशेषतः उजवीकडे दुखणं, सोबत डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं किंवा तोंडावर अचानक सूज, याला कधीही जळजळ समजू नकोस. ते वाढलेल्या रक्तदाबाचं लक्षण असू शकतं. तिथे आहाराची वही मिटायची, तिचा रक्तदाब मोजायचा आणि त्याच तासाला डॉक्टरांकडे पाठवायचं. गिळताना दुखणं, काळी उलटी, पाणीसुद्धा न टिकणं, यालाही हाच नियम.

तुझी,
मॅडम