मुलाखतीचा निकाल विचारायचा, पण पत्र कुणी लिहायचं?

प्रश्न : माझी मुलगी बी.कॉम. आहे. 4 जुलैला तासगावजवळच्या एका पतसंस्थेत लिपिक पदासाठी तिची मुलाखत झाली. महिना होत आला, काही कळवत नाहीत. मी चेअरमनसाहेबांना पत्र लिहिलंय, घरची परिस्थितीही मांडलीय. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार टाकेन. तोवर तिला दुसरीकडे अर्ज करू नको म्हणून सांगितलंय. पत्र योग्य आहे का?
– एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : पत्र पाठवू नका. मुलाखत मुलीची झाली आणि सही वडिलांची, हे वाचून संस्थेला पहिली शंका मुलीबद्दलच येईल. उद्या काउंटरवर चिडलेल्या ठेवीदाराशी तिला एकटीलाच बोलायचं आहे. तिला स्वतःचं साधं पत्र लिहू न देणं मला निकालाच्या उशिरापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. तिचे बाकीचे अर्ज अडवणं तर सरळ चूक आहे. ते आजच सुरू होऊ द्या.

माहिती अधिकाराबद्दल तुमचा समज चुकीचा आहे. सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली आहे, एवढ्यानं ती माहिती अधिकाराच्या कक्षेत येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये केरळमधल्या थलप्पलम सेवा सहकारी बँकेच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. सरकारचा मोठा निधी किंवा खरंखुरं नियंत्रण असेल तरच तो कायदा लागू होतो. सभासदांच्या ठेवींवर चालणाऱ्या पतसंस्थेत असं सहसा नसतं. म्हणजे तो अर्ज बहुधा फेटाळला जाईल आणि संबंध तेवढे बिघडतील.

उशिराचं कारण अनेकदा साधं असतं. मुलाखत समिती नावं सुचवते, पण नेमणुकीला संचालक मंडळाचा ठराव लागतो आणि सभा पुढे ढकलली की सगळंच थांबतं. म्हणून पत्रात निकालासोबत तारीखही विचारावी.

पत्र मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे असू द्या. विषय : लिपिक पदाच्या मुलाखतीच्या निकालाबाबत. संदर्भात मुलाखतपत्राचा जावक क्रमांक आणि तारीख हवी, म्हणजे कारकुनाला फाइल लगेच सापडते. मजकूर एवढाच :

‘मी दि. 4 जुलै रोजी वरील पदाच्या मुलाखतीस उपस्थित होते. निवडीचा निर्णय झाला असल्यास कृपया कळवावा. झाला नसल्यास तो साधारण कधी अपेक्षित आहे, ते कळवावे, ही नम्र विनंती.’

खाली ‘आपली विश्वासू’, सही, पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल. घरची परिस्थिती, संचालकांची ओळख, ‘अन्याय होऊ नये’ यातलं काहीही नको. मूळ प्रमाणपत्रंही जोडू नका.

पत्राच्या दोन प्रती घेऊन तिनं स्वतः जावं आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्यावा. पंधरा दिवसांत काही कळलं नाही, तर तोच क्रमांक संदर्भात घालून एक स्मरणपत्र द्यावं. तिसरं पत्र लिहू नये.