पुणे, बर्लिन, न्यूयॉर्क : एका टीमची तीन घड्याळे

प्रश्न : आमच्या टीमने आपसात केलेल्या करारात ‘चोवीस तासांत उत्तर द्यावे’ असे लिहिले आहे, तरी रोज कुरबुरी होतात. असे का?

चोवीस तास कोणाच्या घड्याळाने मोजायचे, हे त्या वाक्यात नाही. शुक्रवारी संध्याकाळी सहाला पुण्याहून गेलेल्या प्रश्नाची मुदत शनिवारी सहाला संपते आणि तेव्हा तिन्ही ठिकाणी सुट्टी असते. त्याऐवजी ‘उत्तर देणाऱ्याच्या कामाच्या वेळेतील चार तास’ असे लिहावे. न्यूयॉर्कचे काम सकाळी नऊला सुरू होते आणि उन्हाळ्यात तिकडचे नऊ म्हणजे पुण्याचे संध्याकाळचे साडेसहा. त्यामुळे पुण्याहून प्रश्न सकाळी अकराला गेला काय किंवा संध्याकाळी सहाला गेला काय, तिकडच्या उत्तराची मुदत दुपारी एकपर्यंत, म्हणजे आपल्या रात्री साडेदहापर्यंतच असते, आणि ते उत्तर आपण दुसऱ्या दिवशी सकाळी वाचतो.

म्हणूनच प्रश्न अर्धवट पाठवणे महागात पडते. ‘बिल्ड चालत नाही, जरा बघाल का?’ एवढेच लिहून घरी गेलात, तर रात्री ‘कोणती ब्रँच?’ असा उलट प्रश्न येतो, त्याचे उत्तर तुम्ही सकाळी दहाला देता आणि ते तिकडे वाचले जाईपर्यंत तुमची निघायची वेळ झालेली असते. ब्रँचचे नाव, एररचा मजकूर आणि आतापर्यंत काय करून पाहिले, हे पहिल्याच संदेशात देण्याची अट करारात घालावी.

प्रश्न : संध्याकाळी सातची मीटिंग नोव्हेंबरपासून आठला होऊ लागली. हे कोणी ठरवले?

कोणीही नाही, कॅलेंडरने ठरवले. मीटिंग न्यूयॉर्कच्या साडेनऊला बांधलेली असणार. भारतात घड्याळे बदलत नाहीत, तिकडे ती हिवाळ्यात तासभर मागे जातात, म्हणून भुर्दंड आपल्याला. मीटिंगची नोंद करताना टाइम झोन `Asia/Kolkata` निवडला, तर आपले सात कायम राहतात आणि हिवाळ्यात न्यूयॉर्ककरांना साडेआठला यावे लागते. कामाच्या वेळेआधी अर्धा तास येणे त्यांना फार जड नसावे, पण ते गृहीत न धरता आधी विचारावे.

बर्लिनची गंमत वेगळीच आहे. 2026 मध्ये अमेरिकेत घड्याळे 8 मार्चला पुढे गेली आणि युरोपात 29 मार्चला. मागे येताना युरोप 25 ऑक्टोबरला आणि अमेरिका 1 नोव्हेंबरला. मधल्या आठवड्यांत त्या दोन शहरांतले अंतर सहाऐवजी पाच तासांचे असते. या चार तारखा करारातच लिहून ठेवाव्यात आणि दरवर्षी बदलाव्यात, कारण ‘मीटिंगला कोणी आलेच नाही’ ही तक्रार बहुधा याच आठवड्यांतली असते.

प्रश्न : रात्री अकराला चॅटवर ‘अर्जंट’ असे येते. उत्तर द्यावे का?

नाही. तातडीचा निरोप फक्त फोनवर द्यायचा आणि तोही ग्राहकांची सेवा बंद पडली असेल तरच, त्या आठवड्याच्या पाळीवर असलेल्या व्यक्तीलाच, असे कलम करारात असावे. पाळीवरच्या माणसाला रात्री उठावे लागले, तर दुसऱ्या दिवशी तो किती उशिरा येऊ शकतो, हेही त्याच कलमात लिहावे.