गणपतीला गावी जातानाचे कॅप्शन आणि मागे राहिलेले बंद घर

प्रश्न: गणपतीला आम्ही सगळे गावी जातो, तेव्हा इथले घर आठवडाभर बंद असते. फोटो टाकायची हौस आहे, पण सुरक्षिततेसाठी लोकेशन आणि तारखा टाकू नका असे सगळे सांगतात. मग कॅप्शनमध्ये नेमके लिहायचे तरी काय?

उत्तर:

सर्वांत आधी कॅप्शनमधले क्रियापद पाहावे. ‘निघालो’, ‘पोहोचलो’, ‘भेटू आता विसर्जनानंतर’ अशी क्रियापदे असतील, तर गावाचे नाव आणि तारीख दोन्ही वगळूनही घर या क्षणी बंद आहे ही गोष्ट उघडच राहते. उलट, परत येऊन दाराचे कुलूप काढल्यानंतर ‘गेलो होतो’, ‘केले होते’ असे लिहिले, तर गावाचे नाव, देवळाचे नाव, वाडीतल्या आरतीचे वर्णन सगळे मोकळेपणाने लिहिता येते. अनोळखी माणसाला तुमचे गाव कोणते हे कळून त्याचा काही फायदा नसतो. तुम्ही आत्ता घरापासून रात्रभराच्या प्रवासाइतके लांब आहात आणि अमुक दिवसापर्यंत येणार नाही, हे कळण्याचा असतो.

मी ठाण्यात राहते आणि माझे सासर कुडाळजवळच्या एका गावात आहे, त्यामुळे आमचे घरही दर वर्षी याच दिवसांत बंद असते. काही वर्षांपूर्वी मी गाडीतून टाकलेले कॅप्शन असे होते: ‘चाललो गावाला! तुतारी एक्सप्रेस, ठाणे ते कुडाळ. आता थेट गौरी-गणपतीचे विसर्जन करूनच भेटू.’ यात एकही तारीख नाही आणि लोकेशनचा टॅगही नव्हता, म्हणून मला ते सुरक्षित वाटले होते. आज ते वाचताना मला त्यात चार गोष्टी दिसतात. घर ठाण्यात आहे, घरातले सगळे निघाले आहेत, गाडी रात्रीची आहे, आणि गौरी विसर्जनाआधी कोणीही परतणार नाही.

यातली शेवटची गोष्ट मराठी माणसाने विशेष ध्यानात घ्यावी, कारण आपल्याकडे तारीख आकड्यातच लिहावी लागते असे नाही. दिनदर्शिका प्रत्येकाच्या भिंतीवर असते. 2025 साली चतुर्थी 27 ऑगस्टला होती आणि गौरी विसर्जन 2 सप्टेंबरला. त्या वर्षी ‘गौरी-गणपतीला गावी’ एवढे तीन शब्द लिहिणाऱ्याने घर किमान 2 सप्टेंबरपर्यंत बंद आहे असेच लिहिले होते. ‘आमचा दीड दिवसाचा’, ‘आमचा अनंत चतुर्दशीपर्यंत’ हीसुद्धा परतीची तारीखच आहे. भाऊबीज, होळी, गावची जत्रा यांनाही हेच लागू होते. म्हणून तारीख वगळायची म्हणजे गणपती किती दिवसांचा आहे हेही, निदान परत येईपर्यंत, वगळायचे.

तुम्हाला ओळखणारी माणसे तुम्ही गणपतीत गावी जाता हे जाणतातच, मग लपवायचे कोणापासून, असे कोणी म्हणेल. शेजारीपाजारी आणि नातेवाईक हे जाणतात आणि तेच बंद घराकडे लक्षही ठेवतात. कॅप्शन मात्र त्यांच्यापलीकडे जाते. व्हॉट्सॲपच्या स्टेटसची मूळ सेटिंग `My contacts` अशी असते, म्हणजे ज्यांचे नंबर तुम्ही जतन केले आहेत आणि ज्यांनी तुमचा केला आहे अशा सगळ्यांना ते दिसते. माझ्या फोनमध्ये तेव्हा दोन दलाल, जुन्या घराचे भाडेकरू, फर्निचर करून गेलेले सुतार आणि नाव आठवत नसलेले निदान दहा जण होते. त्यांच्यापैकी कोणावरही माझा संशय नाही. पण स्टेटस पाहणाऱ्याच्या हातातला फोन आणखी कोण पाहते, हे आपल्या हातात नसते. गावातून स्टेटस ठेवायचाच असेल, तर तो ठेवण्याआधी `Only share with...` निवडून घरच्या आठ-दहा जणांची नावे टाकावीत. ती यादी एकदा केली की पुढच्या वर्षीही उपयोगी पडते.

आता त्याच दिवशी, गावातूनच एखादा फोटो टाकावासा वाटला तर काय लिहायचे? मी वस्तूविषयी लिहिते, प्रवासाविषयी लिहीत नाही. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. लाकडी चौकटीला आंब्याच्या डहाळ्या, नारळ, सुपारीचे घड आणि रानातली लालभडक कवंडळे टांगतात. मी त्यातल्या एका कवंडळाचा जवळून फोटो काढला आणि खाली लिहिले: ‘कवंडळाचा हा रंग कोणत्याही रंगपेटीत सापडत नाही. माटवीला ते डावीकडे बांधायचे की मधोमध, यावर आमच्या घरात दर वर्षी चर्चा होते.’ या मजकुरातून मी कोठे आहे, केव्हा आले आणि केव्हा जाणार, यातले काहीही कळत नाही. तो फोटो मागच्या वर्षीचाही असू शकतो. जुने कॅप्शन आणि हे कॅप्शन शेजारी ठेवून वाचले, तर दुसरे वाचायलाही अधिक चांगले आहे असे माझे मत आहे.

कॅप्शन स्वच्छ असले तरी फोटोने घात करू नये. रेल्वेच्या तिकिटाचा फोटो मुले फार हौसेने टाकतात. त्यावरचा दहा आकडी पीएनआर कोणीही चौकशीत टाकला, तर गाडी, प्रवासाची तारीख, कोठून कोठपर्यंत आणि डबा-आसन इतके समजते. परतीचे तिकीट शेजारी ठेवलेले असेल तर परतीचा दिवसही कळतो. फोनमधल्या पेनने आकड्यांवर रेघोट्या मारणे पुरेसे नसते, कारण काही पेनांची शाई पारदर्शक असते आणि फोटो उजळ केला की खालचे आकडे वाचता येतात. तिकीट फोटोत नकोच. सोसायटीच्या फाटकापाशी रचलेल्या बॅगाही नकोत, कारण मागे इमारतीचे नाव असते.

लोकेशनचा टॅग चुकून लागला असेल, तर इन्स्टाग्रामच्या पोस्टवरील तीन ठिपके दाबून, `Edit` मध्ये जाऊन तो काढता येतो आणि पोस्ट तशीच राहते. स्टोरीवर ठिकाणाचे स्टिकर लावले असेल तर स्टोरी काढून पुन्हा टाकावी. फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश असतात, याची पुष्कळांना धास्ती वाटते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठवलेल्या फोटोतून ती नोंद निघून जाते. मात्र फोटो स्पष्ट दिसावा म्हणून तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते, हे लक्षात असू द्यावे.

माझी खरी फजिती मात्र कॅप्शनमुळे झाली नाही, ती प्रतिक्रियेमुळे झाली. कवंडळाच्या फोटोखाली माझ्या मावशीने अत्यंत मायेने लिहिले, ‘परतीचे रिझर्व्हेशन मिळाले ना गं? मंगळवारी रात्रीचेच ना?’ आणि माझ्या धाकट्या दिरांनी खाली उत्तर दिले, ‘हो मावशी, बुधवारी सकाळी घरी.’ मी ते दुसऱ्या दिवशी पाहिले. त्याच दिवशी दुपारी आमच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. एक अनोळखी माणूस आमची बेल वाजवून गेला होता आणि काकूंनी दार उघडल्यावर म्हणाला होता, ‘ते बुधवारीच येणार ना, मग नंतर येतो.’ चोरी झाली नाही. तो माणूस कोण होता आणि त्याने ती प्रतिक्रिया वाचली होती का, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण बुधवार हा दिवस आम्ही काकूंनाच तेवढा सांगितला होता आणि तो त्या दोन ओळींखेरीज इतर कोठेही लिहिलेला नव्हता. उरलेले दिवस माझे लक्ष आरतीत नव्हते. काकूंनी वॉचमनला सांगून आमच्या मजल्यावर रात्रीच्या दोन फेऱ्या वाढवून घेतल्या, तेव्हा कोठे झोप लागली.

तेव्हापासून निघण्याच्या आदल्या दिवशी मी कुटुंबाच्या ग्रुपवर एक निरोप टाकते: ‘फोटोंखाली कृपया केव्हा आलात, केव्हा जाणार असे विचारू नका. मला किंवा यांना सरळ फोन करा.’ मोठ्या माणसांना असे लिहून सांगणे उद्धटपणाचे वाटते, म्हणून मावशीला मी फोन करून समजावले. आता तीच इतरांना सांगते. शिवाय गावातून टाकलेल्या पोस्टवर प्रतिक्रिया बंद ठेवते आणि परत आल्यावर सुरू करते.

लाइव्ह लोकेशन ही सोय मुळीच वापरू नये, असे मात्र मी म्हणणार नाही. मुंबई-गोवा महामार्गाने रात्री गाडी चालवत जाणाऱ्याचे ठिकाण घरच्या एखाद्या जागत्या माणसाला दिसत असणे ही मोठी सोबत आहे. व्हॉट्सॲपवर ते 15 मिनिटे, 1 तास किंवा 8 तासांसाठी देता येते. ते एकाच व्यक्तीला द्यावे, साठ जणांच्या ग्रुपवर टाकू नये, आणि पोहोचल्यावर स्वतः बंद करावे.

घरी आजी-आजोबा राहणार असतील तर ‘आई-बाबा इकडेच आहेत, त्यांची फार आठवण येते’ असे लिहिण्याचा मोह होतो. वयस्कर माणसे एकटी आहेत, हे सांगणारे वाक्य घर बंद आहे या वाक्यापेक्षा धोक्याचे असते. ते फोनवर त्यांनाच सांगावे.

परतीचे कॅप्शनही गाडीत बसून टाकू नये, कारण ‘उद्यापासून पुन्हा तेच ऑफिस’ या वाक्यात आजची रात्र अजून मोकळी आहे असेच सांगितलेले असते. घरी येऊन, दूध आणून, चहा झाल्यावर सगळे फोटो एकदम टाकावेत. आमच्याकडे मुले त्याला ‘गणपतीची पंगत’ म्हणतात.

एक गोष्ट मात्र परतल्यावरही जपावी लागते. तुम्ही शहरात येता तेव्हा गावचे घर बंद होते. कोकणातल्या कितीतरी घरांना गणपतीनंतर कुलूप लागते ते थेट होळीला किंवा मे महिन्यात उघडते. माझ्या जावेने एकदा माजघराचा सुंदर फोटो टाकला होता: घासून लखलखीत केलेल्या पितळी समया, तांब्याचा हंडा, सासूबाईंच्या माहेरचे जुने घंगाळ, आणि खाली ‘आता भेट थेट शिमग्याला’. टॅगमध्ये वाडीचे नाव होते. तिला फोन करून मी तो टॅग आणि ती ओळ काढायला लावली. फोटो राहू दिला, आणि त्या संध्याकाळी गावातल्या चुलतदिरांना समया आणि घंगाळ त्यांच्याकडे नेऊन ठेवायला सांगितले.