बाळाच्या टाळूवरील पिवळ्या खपल्या : तेल किती वेळ ठेवावे आणि डॉक्टरांना कधी दाखवावे

प्रश्न : माझी मुलगी दोन महिन्यांची आहे. तिच्या टाळूवर आणि भुवयांवर पिवळ्या, तेलकट खपल्या जमल्या आहेत. सासूबाई रोज टाळू भरतात आणि खपल्या फणीने ओढून काढू म्हणतात. मला भीती वाटते. या खपल्या कशा काढाव्यात, की डॉक्टरांनाच दाखवावे? आम्ही खानापूर तालुक्यात राहतो.

उत्तर :

फणीने ओढू देऊ नका, एवढे आजच घरात सांगा. बाकी गोष्टींना घाई नाही. तुम्ही जे वर्णन केले आहे ते बहुतेक वेळा तान्ह्या बाळांच्या डोक्यावर येणारे साधे खवले असतात. डॉक्टर त्याला ‘क्रेडल कॅप’ म्हणतात. ते साधारणपणे जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत दिसू लागतात, बाळाला दुखत नाहीत, फारशी खाज आणत नाहीत आणि बहुतेक मुलांमध्ये वर्षाच्या आत आपोआप जातात. मी बेळगाव भागात बालरुग्ण विभागात परिचारिका म्हणून काम करते आणि दीड महिन्याच्या लसीला आलेल्या बाळांच्या टोपड्याखाली हे खवले मला वारंवार दिसतात. त्यामुळे ते काढण्याच्या रीतीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण त्रास खपल्यांपेक्षा त्या काढण्याच्या पद्धतीने जास्त होतो.

गर्भात असताना आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे जन्मानंतर काही महिने बाळाच्या डोक्यातील तैलग्रंथी जास्त तेल बनवतात. त्या तेलात त्वचेची सुटणारी पापुद्रे चिकटून राहतात. त्वचेवर एरवीही राहणारी मॅलॅसेझिया नावाची बुरशी या तेलावर वाढते आणि त्वचेला थोडी चिडवते. म्हणूनच खपल्या डोक्याचा पुढचा भाग, भुवया, कानांमागची घडी अशा तेलकट जागी येतात. हे अस्वच्छतेमुळे होत नाही, दुधामुळे होत नाही आणि एका बाळाकडून दुसऱ्याला लागतही नाही.

आता टाळू भरण्याविषयी. आपल्याकडे खोबरेल किंवा एरंडेल टाळूवर थापून वर टोपडे किंवा कुंची बांधतात आणि पावसाळ्यात तर ती दिवसभर उतरत नाही. सासूबाईंचा हेतू प्रेमाचाच आहे आणि तेलाने खपली मऊ होते हेही खरे आहे. पण तेल तसेच राहिले, तर सुटलेली पापुद्रे त्यात बसून थर वाढतो आणि बुरशीलाही खाद्य मिळते. तेल लावा, मात्र ते खपली मऊ होईपर्यंतच ठेवा आणि मग पूर्णपणे धुऊन काढा. टाळू भरल्याने ती लवकर मिटते असेही नाही; पुढची टाळू बहुतेक बाळांमध्ये पहिल्या वाढदिवसानंतर, साधारण दीड वर्षापर्यंत आपल्या वेळेने मिटते. दुसऱ्या बाजूने, टाळूला हात लावला तर बाळाला इजा होईल या भीतीने अनेक आया नेमकी तीच जागा धूत नाहीत आणि सर्वांत जाड थर तिथेच साचतो. टाळूवर कातडीखाली मजबूत पडदा असतो. बोटांच्या पेरांनी हलके चोळल्याने किंवा मऊ ब्रश फिरवल्याने त्याला काही होत नाही. फक्त दाबू नये.

आंघोळीआधी पंधरा-वीस मिनिटे साधारण अर्धा चमचा तेल खपल्यांवर बोटाने लावा. शक्य असल्यास सुगंध नसलेले खनिज तेलाचे बेबी ऑइल किंवा पांढरी पेट्रोलियम जेली घ्या, कारण त्यावर बुरशी पोसत नाही. घरात खोबरेलच असेल तर तेही चालेल, पण मोहरीचे किंवा ऑलिव्ह तेल टाळावे. वेळ झाली की बाळांचा मऊ ब्रश किंवा जुने धुतलेले सुती कापड घेऊन लहान गोल फिरवत एक-दोन मिनिटे हलके घासा. जी खपली स्वतःहून सुटते तीच निघू द्या. जी चिकटून आहे ती आज राहू द्या, उद्या पुन्हा मऊ करा.

त्यानंतर वाटाण्याएवढा बेबी शाम्पू पाण्यात मिसळून डोक्याला लावा आणि बोटांना तेलकटपणा जाणवेनासा होईपर्यंत कोमट पाण्याने धुवा. गरज वाटल्यास दुसऱ्यांदा लावा. ही पायरी बहुतेक घरी अर्धवट राहते. न्हाऊ घालणाऱ्या बाई येत असतील तर त्यांना आधीच नीट सांगून ठेवा, आणि कढत पाणी डोक्यावर ओतू देऊ नका, कारण त्याने त्वचा आणखी लाल होते. पाणी तुमच्या कोपराला कोमट लागले पाहिजे. डोके टिपून कोरडे करा, पूर्ण वाळल्यावरच टोपडे घाला. घरात टोपड्याची गरज नसेल तेव्हा डोके उघडे ठेवलेले बरे.

खपली फार जाड असेल तर पेट्रोलियम जेली रात्री लावून सकाळी याच पद्धतीने धुता येते. पहिला आठवडा रोज करा, मग आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. भुवयांवर मात्र ब्रश नको. तेलात किंचित बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसा आणि तेल डोळ्यांत ओघळू देऊ नका. खपलीबरोबर काही केस निघतील. ते पुन्हा येतात. दोन आठवड्यांत थर पातळ दिसायला हवा. थांबवल्यावर तो परत आला तर घाबरू नका, तैलग्रंथी शांत होईपर्यंत तो येत-जात राहतो.

डाळीचे पीठ, हळद, साय किंवा शिकेकाई चोळू नका. शिकेकाई डोळ्यांना झोंबते आणि कोरडे पीठ खवल्यांतच अडकते. खपल्या जाव्यात म्हणून जावळ लवकर काढण्याचा सल्लाही मिळेल. केस काढल्याने खपल्या येण्याचे थांबत नाही, उलट वस्तऱ्याने खपलीची कड उचलली जाऊन त्वचा कापते. जावळ ठरलेल्या वेळीच काढावे आणि तेव्हा खपल्या असतील तर वस्तऱ्याऐवजी कात्रीने.

फणीने ओढल्यावर काय होते, याचे एक उदाहरण सांगते. निपाणीकडच्या एका गावातून नऊ आठवड्यांचा मुलगा आला होता. आजीने बारीक दातांच्या फणीने टाळूवरची कोरडी खपली तेल न लावता उचलली होती. खालची जागा लाल आणि ओली झाली. घरच्यांनी त्यावर पुन्हा तेल थापले. काही दिवसांनी तिथे नवी खपली आली. तीही पिवळीच असल्याने जुनाच त्रास वाढला असे त्यांना वाटले. पण ती मेणचट नव्हती, मधासारख्या रंगाची होती, तिच्या कडेतून पाणी झिरपत होते, वास येत होता आणि कानांमागे गाठी लागत होत्या. डोक्याला हात लावला की मूल रडत होते. तो जिवाणूंचा संसर्ग होता. बालरोगतज्ज्ञांनी प्रतिजैविक दिले आणि त्वचा भरून येईपर्यंत तेल पूर्ण बंद ठेवले. त्यानंतर वर लिहिलेली तेल-ब्रश-शाम्पूची रीत सुरू झाली आणि पाचव्या महिन्यात फक्त पातळ कोंडा उरला होता. यातून तुमच्या उपयोगाची खूण एवढीच : साधी खपली मेणचट आणि कोरडी किंवा तेलकट असते, बाळ तिच्याकडे लक्षही देत नाही, ओली, वास येणारी, दुखणारी खपली वेगळी असते.

म्हणून त्वचा ओली झाली, रक्त आले, पू किंवा वास आला, सूज आली तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दाणेदार, पाणी भरलेल्या फोडांचा झुपका उठला, किंवा तुमच्या मुलीला १००.४ फॅरनहाइट अथवा त्याहून जास्त ताप आला, तर रात्रीची वेळ असली तरी थांबू नका. तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाचा ताप खपल्यांमुळे आला असे गृहीत धरायचे नसते.

काही गोष्टींसाठी त्याच आठवड्यात वेळ घेतली तरी चालते. लाली मान, काखा, जांघा अशा घड्यांत पसरली. बाळ डोके गादीवर घासते, झोपत नाही, गालांवर कोरडे खाजरे चट्टे आले, आणि घरात कुणाला दमा किंवा इसब आहे. केसांचा गोल चट्टा जाऊन तिथे तुटके केस राहिले. किंवा तीन-चार आठवडे नीट धुऊनही थर तसाच आहे. यातली काही कारणे इसब, सोरायसिस किंवा नायटा अशी असतात आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत. क्वचित दिसणारी पण सांगायला हवी अशी एक स्थिती आहे : खवल्यांमध्ये बारीक तांबूस-तपकिरी ठिपके असणे, बोटाने दाबल्यावर ते फिके न पडणे, जांघेतही तसेच असणे, कान वाहणे किंवा वजन न वाढणे. अशा बाळाला घरी तेल लावत बसू नये, कारण अशा वेळी रक्ताच्या किंवा त्वचेच्या तपासण्या लागतात.

डॉक्टर गरजेनुसार केटोकोनॅझोलचा शाम्पू किंवा सौम्य हायड्रोकॉर्टिझोन मलम मोजक्या दिवसांसाठी देतात. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेली ट्यूब मात्र लावू नका. बुरशी, जंतू आणि खाज या तिन्हींवर चालते असे सांगून दिल्या जाणाऱ्या अनेक मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. दोन महिन्यांच्या बाळाची त्वचा पातळ असल्याने ते अंगात शोषले जाते. मोठ्यांचा कोंड्याचा शाम्पूही नको, विशेषतः ज्यात सॅलिसिलिक ॲसिड आहे तो.

दवाखान्यात जाल त्या दिवशी सकाळी तेल लावू नका आणि खपल्या धुऊ नका, म्हणजे डॉक्टरांना खरी अवस्था दिसेल. आतापर्यंत लावलेले प्रत्येक तेल आणि मलम, डब्यासह किंवा ट्यूबसह, बरोबर घ्या. चट्टा रोज बदलत असेल तर एकाच जागेचे एकाच उजेडात काढलेले फोटो फोनवर ठेवा. पुढची लस अडीच महिन्यांना असते. वरच्यापैकी कोणतीही खूण नसेल तर त्या वेळी टोपडे काढून डोके दाखवले तरी पुरेसे आहे.