क्यूआर माझ्या फोनवर उघडतो, त्यांच्या फोनवर का नाही?

"मॅडम, रेझ्युमेवर पोर्टफोलिओचा क्यूआर टाकलाय. माझ्या फोनवर मस्त उघडतो, पण दोन इंटरव्ह्यूला म्हणाले की काही उघडतच नाहीये. एका ठिकाणी तर स्कॅनच झाला नाही. क्यूआर काढून टाकू आणि नुसती शॉर्ट लिंक देऊ का?"

इंटिरिअर डिझाईनचा डिप्लोमा केलेली ही मुलगी, काम खरंच चांगलं, पण ते समोरच्यापर्यंत पोचतच नव्हतं. मी म्हटलं काढू नकोस, आधी रेझ्युमेचा कागद आण, पीडीएफ पाठव आणि तुझा फोन बाजूला ठेव. माझ्या फोनवर बघू, कारण तुझ्या फोनवर तुझंच जीमेल लॉगिन आहे ना, मग तुझी फाईल तुला उघडणारच.

माझ्या कॅमेऱ्यात क्यूआर आला की पत्ता दिसतो आधी, टॅप करायच्या अगोदर. तिथे गूगल ड्राइव्हचं नाव यायला हवं होतं, आलं भलत्याच साईटचं. म्हणजे तिने ज्या फुकट साईटवर क्यूआर बनवला त्या साईटने तिची लिंक क्यूआरमध्ये घातलीच नव्हती, स्वतःचा पत्ता घातला होता, आणि तिथून पुढे ड्राइव्हला ढकललं जायचं. याला डायनॅमिक क्यूआर म्हणतात. तिच्या लॉगिनमध्ये जाऊन बघितलं तर ट्रायल चालू होती, अजून संपली नव्हती एवढंच. ट्रायल संपली की पैसे भरा, नाहीतर छापलेल्या सगळ्या कागदांवरचा तो चौकोन मेला. स्टॅटिक क्यूआरमध्ये खरी लिंकच काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत लिहिलेली असते, मध्ये कोणी नाही, त्यामुळे तो एक्स्पायर व्हायचा प्रश्नच येत नाही. फाईल आहे तोवर तो आहे.

पण त्या दोन इंटरव्ह्यूमध्ये अडलं ते यामुळे नाही. टॅप केल्यावर माझ्या फोनवर आलं "You need access". तिने ड्राइव्हवर फाईल टाकली, लिंक कॉपी केली, आणि शेअरिंग Restricted वरच राहिलं. नवीन फाईलला ते मुळातच तसं असतं. शेअरच्या खिडकीत General access च्या खाली ते "Anyone with the link" करावं लागतं आणि बाजूला Viewer ठेवायचं, Editor नाही. आता गंमत बघा, मी तिला म्हटलं तुझ्या मेलमध्ये शोध, ड्राइव्हकडून काही आलंय का. तर होत्याच की, तिच्या फाईलचा ऍक्सेस मागणाऱ्या मेल! कोणीतरी बिचाऱ्याने बटण दाबून परवानगी मागितली होती आणि ही म्हणे मला वाटलं स्पॅम असेल. तुमच्या इनबॉक्समध्ये असं काही पडलंय का ते आत्ताच बघा. तुमची फाईल बंद आहे याचा त्याहून पक्का पुरावा नाही.

मग कागद. टेम्प्लेटला मॅच व्हावं म्हणून क्यूआर फिकट हिरवट-निळा, कोपऱ्यात जेमतेम 1.2 सेंटीमीटर, आणि चहूबाजूंनी एक नाजूक चौकट त्याला चिकटलेली. स्क्रीनवर छान दिसतं हो! पण कॉलेजजवळच्या दुकानात ब्लॅक अँड व्हाईट प्रिंट मारली की तो हिरवट-निळा होतो करडा, आणि लेझर प्रिंटरकडे करडी शाई नसते, तो बारीक काळे ठिपके टाकून करडं दाखवतो. कॅमेऱ्याला चौकोनांच्या कडा हव्यात आणि तिथे कडाच नाहीत. शिवाय क्यूआरच्या भोवती निदान चार चौकोनांएवढी कोरी पांढरी पट्टी लागते, ती असली तरच फोनला कळतं की कोड इथे सुरू होतो आणि इथे संपतो. तिथे तर चौकट येऊन टेकलेली.

म्हटलं नवीनच करू, आणि कुठल्याही साईटवर न जाता. वर्डमध्येच होतो. Ctrl+F9 दाबलं की दोन महिरपी कंस येतात (हे कंस हाताने टाईप केलेले चालत नाहीत, त्यातच लोक फसतात) आणि आत हे लिहायचं:

```
{ DISPLAYBARCODE "https://drive.google.com/file/d/…/view" QR \q 1 }
```

टिंबांच्या जागी तुमच्या फाईलचा लांबलचक आयडी. मग F9 दाबलं की क्यूआर दिसतो, नाही दिसला तर Alt+F9. ड्राइव्हने दिलेल्या लिंकच्या शेवटी `?usp=sharing` असं शेपूट असतं ते काढून टाकलं तरी फाईल उघडते. साईज वाढवायला पुढे \s आणि टक्के, म्हणजे \s 120 वगैरे, पट्टीने मोजत वाढवायचं. वर्ड नसेल तर कॉम्प्युटरवरच्या क्रोममध्ये ती लिंक उघडून पानावर राईट क्लिक केलं की क्यूआर बनवायचा पर्याय येतो, तोही स्टॅटिकच, फक्त मध्ये डायनासोर बसलेला असतो, बँकेच्या नोकरीसाठी मी तो देणार नाही. आणि काहीही करा पण क्यूआरचा स्क्रीनशॉट व्हॉट्सऍपवर स्वतःलाच पाठवून तिथून उचलू नका, तो दाबला जाऊन कडा धुरकट होतात.

आता साईज किती, तर इथे जरा हिशोब. ड्राइव्हची लिंक शेपूट कापूनही साधारण 70 अक्षरांची, एवढं मावायला क्यूआर एका बाजूला 37 चौकोनांचा होतो. जितकी लिंक लांब तितके चौकोन जास्त आणि तितके बारीक. तिच्या 1.2 सेंटीमीटरमध्ये हे 37 बसवले तर एकेक चौकोन 0.3 मिलिमीटरच्या आसपास, झेरॉक्समध्ये शाई थोडी पसरली की शेजारचे दोन एकमेकांत मिसळलेच. 2.5 सेंटीमीटर ठेवला तर एक चौकोन जवळपास 0.7 मिलिमीटर, तो झेरॉक्सची झेरॉक्स सुद्धा सहन करतो. रेझ्युमेवर अडीच सेंटीमीटर जागा जाते म्हणून ती कुरकुरली, पण फोटो काढून टाकला आणि जागा झाली. (फोटो कोणी मागितला नसेल तर कशाला लावता.)

यावर तिने विचारलं, मग शॉर्ट लिंकच क्यूआरमध्ये घातली तर चौकोन कमी होतील ना? बरोबर आहे, 30 अक्षरांची लिंक असेल तर 37 ऐवजी 29 चौकोन, आणि कोड थोडा लहान चालेल. तरी मी नको म्हटलं. शॉर्ट लिंक म्हणजे परत मध्ये कोणीतरी आलंच. गूगलचं goo.gl आठवतंय? गूगलसारख्या कंपनीचं होतं तरी नवीन लिंक बनवणं 2019 मध्ये बंद केलं आणि ज्या लिंक कोणी वापरत नव्हतं त्या 2025 च्या ऑगस्टमध्ये बंद पडल्या. म्हणून माझं मत असं की क्यूआरमध्ये थेट लांब लिंक आणि त्याच्या खाली शॉर्ट लिंक अक्षरात लिहिलेली, म्हणजे एक रस्ता बंद पडला तरी दुसरा उघडा. दोन्हीत एकच शॉर्ट लिंक घातलीत तर दोन्ही एकदमच जातात.

शॉर्ट लिंक कागदावरून बघून टाईप करायची असते हे विसरतात सगळे. टिनीयूआरएलवर स्वतःचं नाव देता येतं, फुकट. त्यात आडनाव आणि काम असं काहीतरी घ्या, सगळं लहान लिपीत, शून्य आणि ओ, एक आणि एल असले जुळे टाळा. बिटलीवर आपोआप आलेल्या लिंकमध्ये लहान-मोठी अक्षरं वेगळी धरतात, एक अक्षर चुकलं की भलतीकडेच, त्यामुळे ती तशीच उचलून छापू नका. आणि लिंक एका ओळीत बसवा. ओळ तुटली की पीडीएफ वाचणारे ऍप पहिल्या अर्ध्यालाच लिंक समजतात.

पीडीएफचं प्रकरण वेगळं निघालं. तिने प्रिंटमध्ये जाऊन Microsoft Print to PDF निवडून फाईल केली होती, त्यात लिंक मरतात, नुसतं निळं अक्षर उरतं. फाईलमधून Save As करून पीडीएफ निवडलं की लिंक जिवंत राहतात. हे महत्त्वाचं का, तर एचआरवाले तुमचा रेझ्युमे फोनवरच उघडतात, मग तोच फोन स्वतःच्या स्क्रीनवरचा क्यूआर कसा स्कॅन करणार? त्यांना खालची लिंक टॅप करायची असते. "माझा पोर्टफोलिओ" असं लिहून त्यामागे लिंक लपवू नका, टॅपला चालेल पण प्रिंट मारली की त्या दोन शब्दांचा उपयोग शून्य. पत्ताच दिसू दे आणि तोच क्लिक होऊ दे. नोकरीच्या पोर्टलवर फाईल टाकलीत तर तिथलं सॉफ्टवेअर अक्षरं वाचतं, चित्रातला क्यूआर त्याला दिसत नाही, तिथेही ही लिहिलेली लिंकच कामाला येते.

तपासणी आम्ही अशी केली. दुकानात प्रिंट, त्या प्रिंटची झेरॉक्स, झेरॉक्सची परत झेरॉक्स, आणि हा शेवटचा कागद दुकानदाराच्या जुन्या अँड्रॉइडवर. वीतभर अंतरावरून फोन एका झटक्यात पकडतो का हे बघायचं. पुढे-मागे, पुढे-मागे करावं लागलं तर कोड लहान आहे किंवा फिका आहे असं समजा. त्याचं लॉगिन वेगळं असल्याने परवानगीचीही परीक्षा तिथेच झाली. मग पीडीएफ तिने भावाला मेल केली आणि त्याने इनकॉग्निटोमध्ये लिंक उघडली. घडी पडते तिथे क्यूआर येत नाही ना हेही बघून घ्या, ए-फोर कागद मधोमध दुमडून पाकिटात जातो.

पोर्टफोलिओत नवीन काम घालायचं झालं की जुनी फाईल डिलीट करून दुसरी चढवू नका हं, आयडी बदलतो आणि सगळे छापलेले कागद वाया. ड्राइव्हमध्ये त्याच फाईलवर Manage versions मधून नवी पीडीएफ चढवली की लिंक तीच राहते. हे तिला मी दोनदा सांगितलं.

हे सगळं डिझाईन, फोटोग्राफी, कोडिंग, आर्किटेक्चर असं दाखवण्यासारखं काम असलेल्यांसाठी. परवा एक अकाउंट्सचा मुलगा लिंक्डइनचा क्यूआर घेऊन आला होता. लॉगिन नसलेल्या माणसाला लिंक्डइन बहुतेक वेळा आधी साइन इन करा म्हणतं, आणि आत होतं तेच जे रेझ्युमेवर लिहिलेलं. त्याला म्हटलं तू तो काढ, आणि तिथे टॅलीत नेमकं काय काय केलंस त्याच्या दोन ओळी लिही.