फेरीबोटीत नेमकं कोण होतं?

'मॅडम, भाषाविज्ञानाच्या असाइनमेंटमध्ये द्व्यर्थी वाक्याचे दोन वृक्ष काढायचे होते, म्हणजे कोणता शब्द कशाला जोडलाय ते दाखवणाऱ्या फांद्यांच्या आकृत्या. सरांनी "दोन्ही एकच" असा शेरा मारून निम्मे गुण कापले. मला अर्थ तर दोन्ही कळतात. हा विषय मला जमणारच नाही का?'

दिवाडीहून रोज फेरीबोटीने कॉलेजला येणारी ही मुलगी रडवेली होऊन बसली होती. एम.ए.ला मी भाषाविज्ञानच घेतलं होतं, त्यामुळे धीर देण्याआधी म्हटलं, वही काढ बघू.

वाक्य तिने स्वतःच रचलं होतं: 'मी फेरीबोटीत झोपलेल्या मुलाला पाहिलं.' वाक्य झकास, पण दोन्ही पानांवर फांद्या हुबेहूब तशाच, फक्त खालचा अर्थ वेगळा. ती शेजारशेजारचे शब्द जोडत वर चढत होती, त्यामुळे 'फेरीबोटीत' दोन्ही वेळा 'झोपलेल्या'ला जाऊन चिकटलं.

म्हटलं, झाड राहू दे, आधी कंस घाल.

मी [[[फेरीबोटीत झोपलेल्या] मुलाला] पाहिलं]
मी [फेरीबोटीत [[झोपलेल्या मुलाला] पाहिलं]]

पहिल्यात 'फेरीबोटीत' नामपदबंधाच्या, म्हणजे 'मुलाला' या नामाभोवतीच्या शब्दगटाच्या आत आहे आणि मुलगा कुठे झोपला होता ते सांगतं. दुसऱ्यात ते त्या पदबंधाच्या बाहेर, क्रियापदबंधाला, म्हणजे 'पाहिलं'भोवतीच्या शब्दगटाला जोडलंय. तिथे पाहण्याची जागा कळते. प्रत्येक कंसाची एक गाठ, म्हणजे फांद्या जुळतात ती जागा, करायची, की झाड आपोआप उभं राहतं.

'पण हे बरोबर कशावरून?' तिने विचारलं. हा प्रश्न मला आवडला. नामपदबंधाच्या जागी 'त्याला' घालून बघ, म्हटलं. पहिल्या रचनेत 'मी त्याला पाहिलं' एवढंच उरतं, फेरीबोट त्या 'त्याला'ने गिळली. दुसरीत 'मी फेरीबोटीत त्याला पाहिलं', म्हणजे ती बाहेरच होती. शब्दांची जागा बदलूनही कळतं: 'झोपलेल्या मुलाला मी फेरीबोटीत पाहिलं' यातून पहिला अर्थ निघतच नाही.

स्पष्टीकरणातही एक घोळ होता. दुसऱ्या झाडाखाली तिने लिहिलं होतं, 'मी बोटीत, मुलगा धक्क्यावर.' धक्का कुठून आला? झाड एवढंच सांगतं की पाहणं फेरीबोटीत घडलं. मुलगाही तिथेच बाकावर असू शकतो. झाडात नाही ते स्पष्टीकरणात लिहिलं की गुण जाणारच, आणि त्यात सरांचं काही चुकत नाही.

जाता जाता तिने 'त्याने पान फाडलं' हे वाक्य पुढे केलं. झाडाचं की वहीचं? अर्थ दोन खरे, पण कंस दोन्हीकडे तेच. इथे संदिग्धता शब्दात आहे, दुसरं झाड काढायचं कारणच नाही.

आठवड्याने ती दारातूनच म्हणाली, 'मॅडम, "आईने काल आणलेले बांगडे तळले." काल आणले की काल तळले?' कंस तिने आधीच घातले होते, दोन वेगवेगळे.