बोइंग ७७७ च्या मागून उतरणाऱ्या ए३२० ला किती अंतर ठेवायला लावतात, आणि का?

रडारवर ५ सागरी मैल, म्हणजे सुमारे ९.३ किलोमीटर, कारण ७७७ च्या दोन्ही पंखांच्या टोकांपासून हवेचे दोन जोरदार भोवरे मागे सुटतात आणि त्यांत सापडलेले हलके विमान एका कुशीवर कलंडू शकते. हे अंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मूळ वजनगटांनुसार आहे: १,३६,००० किलो किंवा त्याहून अधिक कमाल उड्डाणवजनाचे विमान ‘हेवी’, तर ए३२० ‘मीडियम’. १४० नॉट, म्हणजे ताशी १४० सागरी मैल वेगाने ५ सागरी मैल कापायला दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो आणि तेवढ्यात भोवरे बरेच विरतात, शिवाय मिनिटाला साधारण ३०० ते ५०० फूट खालीही सरकतात. म्हणूनच मागचा वैमानिक पुढच्या विमानाच्या मार्गाच्या खाली जाणे कटाक्षाने टाळतो. मात्र अंतर पाळले म्हणजे धोका संपला, असे समजू नये. जमिनीजवळ आलेले भोवरे दोन बाजूंना पांगतात. पण ३ ते ५ नॉटचा मंद आडवा वारा असेल, तर वाऱ्याकडचा भोवरा धावपट्टीवरच रेंगाळतो, आणि माझ्या मते जोराच्या वाऱ्यापेक्षा हीच स्थिती अधिक फसवी असते. शिवाय पुढचे विमान दिसत असल्याचे सांगून वैमानिकाने दृश्य पद्धतीने उतरण्याची परवानगी स्वीकारली, की भोवऱ्यांपासूनचे अंतर राखण्याची जबाबदारी नियंत्रकाकडून त्याच्याकडे येते. काही विमानतळांवर आता अधिक बारीक गट वापरतात, तेथे हे आकडे वेगळे असतात.